दसऱ्याच्या सेलमधला फोन खरंच स्वस्त आहे का? या चुका टाळा

नवरात्र लागलं की राजारामपुरीतल्या मोबाईल दुकानांवर बोर्ड झळकतात आणि ऑनलाईन ॲपवरही तसलेच आकडे दिसू लागतात: '३६ टक्के सूट'. सूट मोजताना बहुतेक जण पहिल्याच पायरीवर चुकतात.

चूक पहिली: खोडलेल्या एमआरपीवरून सूट मोजणे

एमआरपी म्हणजे याच्यापेक्षा जास्त घेता येणार नाही अशी कमाल किंमत. तो फोन त्या भावाला एक दिवसही विकला गेलेला नसू शकतो. म्हणून तुलना करायची ती गेल्या तीन महिन्यांत बहुतेक दिवस जो भाव होता त्याच्याशी. हा भाव पाहायला बायहटके किंवा (ॲमेझॉनसाठी) कीपा ही वेबसाइट वापरा. फोनच्या पानाची लिंक टाकली की जुन्या भावांचा आलेख समोर येतो.

समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. बॉक्सवर एमआरपी २७,९९९ आणि सेलमध्ये भाव १७,९९९, म्हणून ३६ टक्के सूट. आता आलेख बघा. जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत फोन १८,४९९ ला मिळत होता. मग भाव २०,९९९ वर चढला आणि सेलच्या दिवशी १७,९९९ वर उतरला. म्हणजे खरी बचत ५०० रुपये, तीन टक्क्यांहूनही कमी. सेलच्या तोंडावर आलेखात असा उंचवटा दिसला की तो बाजूला ठेवूनच हिशेब करा. मे महिन्यातल्या सेलमध्ये तोच फोन १७,४९९ ला गेला असेल, तर आताचा भाव 'आजवरचा सर्वात कमी' सुद्धा नाही.

आलेख वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, ६ जीबी रॅमचा आणि ८ जीबीचा फोन यांचे आलेख वेगळे असतात. रंगानेही भाव बदलतो. आपल्याला हवा तोच प्रकार निवडलाय ना, हे तपासा. दोन, आलेखात सहसा पानावरचा भाव नोंदलेला असतो, बँकेच्या कार्डावरची सूट नसते. त्यामुळे १७,९९९ वर कार्डाचे १,५०० सुटत असतील आणि ते कार्ड तुमच्याकडे असेल, तर तुमच्यासाठी भाव १६,४९९ झाला आणि सौदा चांगला ठरला. पण शेजाऱ्याचं कार्ड मागावं लागणार असेल किंवा ती सूट फक्त ईएमआयवर असेल, तर प्रोसेसिंग फी आणि व्याज धरून पुन्हा बेरीज करा. एक्स्चेंजची रक्कमही सुटीत धरू नका. तो तुमच्याच जुन्या फोनचा मोबदला आहे. फक्त वरचा बोनस तेवढा मोजा.

चूक दुसरी: भाव उतरला म्हणजे सेलमुळेच, असं समजणे

आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये ७९,९०० ला आला. वर्षाने आयफोन १६ त्याच भावाला आला आणि कंपनीनेच १५ ची किंमत ६९,९०० केली. त्यानंतरच्या सणात ७९,९०० खोडून दाखवलेल्या सुटीतले दहा हजार मॉडेल जुनं झाल्याचे होते. ही घसरण दिवाळीनंतरही तशीच राहते, तेव्हा तेवढ्यासाठी रात्री बारा वाजता घाई करायचं कारण नाही. आलेखात इथे फसायला होतं, कारण ऑगस्टशी तुलना केली तर भाव खरोखरच पडलेला दिसतो. म्हणून आलेखाशेजारी नव्या मॉडेलची तारीख ठेवून बघावं.

चूक तिसरी: उरलेलं आयुष्य न मोजणे

सुरक्षा अपडेटची मुदत तुम्ही फोन घेतला त्या दिवसापासून सुरू होत नाही, मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून सुरू होते. मला हीच चूक सगळ्यात महाग वाटते. सॅमसंग ए५४ मार्च २०२३ मध्ये आला, सुरक्षा अपडेटचं आश्वासन पाच वर्षांचं. २०२५ च्या दसऱ्याला घेतला तर अडीच वर्षंच उरली. ए५६ मार्च २०२५ चा, आश्वासन सहा वर्षांचं. त्याच दसऱ्याला साडेपाच वर्षं शिल्लक. समजा पहिला १८,००० ला आणि दुसरा २८,००० ला मिळाला. वर्षाला पहिला ७,२०० रुपयांना पडतो, दुसरा साधारण ५,१०० ला. अर्थात दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याला हा हिशेब लागू नाही. त्याने स्वस्त जुना घेतला तरी चालेल. पण ज्या फोनवरून यूपीआय चालतं आणि जो घरात आईवडिलांकडे पुढं वापरायला जाणार आहे, तिथं उरलेली वर्षं बघाच.

दुकानातून घेत असाल तर पैसे देण्याआधी सीलबंद बॉक्स हातात घ्या. लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. दीड वर्षापूर्वीचा महिना दिसला तर तो पडून राहिलेला माल आहे, बॅटरीही तेवढीच जुनी. "मालक, अलीकडचा बॉक्स दाखवा," म्हणा. नसेल तर भाव अजून कमी करून मागा आणि बिलावर आयएमईआय नंबर लिहून घ्या.