वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक बोलवताय? या चुका टाळा

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा म्हटली की बॅनर, ट्रॉफी, चहा-नाश्ता सगळं वेळेत होतं, पण परीक्षकांना फोन जातो आठवडाभर आधी आणि तोही "सर, येताल ना, 10 ते 2 आहे" एवढाच. गडबड इथूनच सुरू होते, कारण ते 10 ते 2 कोणी मोजलेलंच नसतं.

मोजून बघा. 36 स्पर्धक, प्रत्येकाला 7 मिनिटं, नाव पुकारणं, माईक खालीवर करणं, परीक्षकांनी मार्क लिहिणं यात 2 मिनिटं जातातच, म्हणजे 36 गुणिले 9, झाले 324 मिनिटं. साडेपाच तास, त्यात जेवण आणि उद्घाटनाची भाषणं धरलीच नाहीत. दुपारी 2 ला दुसरीकडे लेक्चर असलेले परीक्षक दीड वाजता घड्याळ बघायला लागतात आणि शेवटच्या दहा पोरांवर अन्याय होतो.

मग दोन हॉल करा. प्रत्येकी 18 स्पर्धक आणि 2 परीक्षक, साडेदहाला सुरू केलं तर सव्वा वाजेपर्यंत प्राथमिक फेरी आटपते. जेवण, मग 2 ते साडेतीन अंतिम फेरी 10 जणांची, चारही परीक्षक एकत्र. पण एक लक्षात ठेवा, दोन्ही हॉलची बेरीज एकत्र लावून टॉप 10 काढू नका, कारण एका हॉलचे परीक्षक हात सैल सोडून मार्क देतात आणि दुसऱ्या हॉलचे कंजूष असतात, सगळे फायनलिस्ट एकाच हॉलमधून येतात आणि कॉलेजं भांडायला येतात. प्रत्येक हॉलमधून पहिले 5 घ्या आणि फायनलला मार्क नव्याने द्यायला सांगा. हे सगळं टाइमटेबल, बक्षीस समारंभाला थांबायचंय का यासकट, निमंत्रणाच्या पत्रातच टाका, म्हणजे ज्यांना जमणार नाही ते आधीच सांगतील.

आता निकष. "आशय, भाषा, सादरीकरण" असं छापून कागद हातात दिला म्हणजे ब्रीफिंग झालं असं नाही. आशय 40, मांडणी 25, भाषा आणि उच्चार 20, सादरीकरण 15 अशी फोड द्या, आणि वेळ ओलांडली तर किती मार्क कापायचे, ते परीक्षक कापणार की टाइमकीपर, हे ठरवून सांगा. दोघांनीही कापले तर एकाच चुकीची दोनदा शिक्षा होते.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मार्कांची रेंज. फायनलला क्रमांक 4 ला मिळाले 68, 70, 66, 60, बेरीज 264. क्रमांक 9 ला 62, 64, 61, 90, बेरीज 277. तीन परीक्षकांना 4 नंबरवाली जास्त आवडली तरी एकट्या चौथ्याच्या 90 मुळे 9 नंबर जिंकला! त्या परीक्षकांचं काही चुकलेलं नाही, त्यांना कोणी सांगितलंच नाही की चांगलं भाषण म्हणजे साधारण 65-70 आणि अगदी अफाट असेल तरच 80 च्या वर. सुरू व्हायच्या आधी 15 मिनिटं सगळ्यांना एकत्र बसवून हे बोला, आणि पहिल्या तीन भाषणांचे मार्क पेन्सिलने लिहायला सांगा, कारण पहिल्या भाषणाला तुलनेला काहीच नसतं. टाय झाला तर आशयाचे मार्क बघायचे हेही तिथेच ठरवा. शीटवर कॉलेजचं नाव नको, फक्त नंबर, आणि कोणाचा विद्यार्थी किंवा नातेवाईक स्पर्धेत आहे का हे फोनवरच विचारून घ्या.

मानधनाचं बोलायला सगळ्यांनाच अवघडतं. "यथाशक्ती मानधन देऊ" असं लिहू नका प्लीज, समोरच्याला काय समजायचं? आकडा लिहा, प्रवासखर्च त्यात धरलाय की वेगळा ते लिहा. साताऱ्याहून पुण्याला स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्याला 1500 मध्ये सगळं धरलं तर पेट्रोल आणि टोल जाऊन हातात फारसं काही उरत नाही, आणि हे त्यांना त्या दिवशी कळलं तर पुढच्या वर्षी ते फोन उचलणार नाहीत. अकाउंट्सला आधीच विचारा की कॅश, चेक की ट्रान्सफर, पॅन लागेल का, टीडीएस कापणार का. ट्रान्सफर असेल तर बँक डिटेल्स पत्रासोबत मागवा आणि पैसे कधीपर्यंत येतील तेही सांगा. कॅश 5000 च्या वर असेल तर पावतीवर 1 रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, ते आदल्या दिवशी आणून ठेवा, रविवारी पोस्ट ऑफिस बंद असतं.

आणि एक राखीव परीक्षक हवाच. त्यांनाही तेच पत्र पाठवा, बोलावलं नाही तरी काही रक्कम देणार का ते त्यात स्पष्ट लिहा, आणि दोन दिवस आधी पाचही जणांना कन्फर्मेशनचा फोन करा.