फुगणारे कपॅसिटर आणि ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर

अंबडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पॉवर फॅक्टरसाठी लावलेले ४४० व्होल्टचे कपॅसिटर सारखे फुगायचे. कपॅसिटर बँकेच्या सगळ्या स्टेप लागल्या की पॅनल गुणगुणायचं, फ्यूज उडायचे. ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए, इम्पीडन्स ५ टक्के, बँक ४०० केव्हीएआर. गणित केलं: ५०० भागिले ०.०५, म्हणजे शॉर्ट सर्किट पॉवर १०,००० केव्हीए; १०,००० भागिले ४००, म्हणजे २५, वर्गमूळ ५. म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि बँकेचा रेझोनन्स ५० हर्ट्झच्या पाचपट, नेमका २५० हर्ट्झवर, आणि ड्राइव्हमुळे पाचवा हार्मोनिकच सगळ्यात जास्त!

प्रत्येक स्टेपला सिरीजमध्ये ७ टक्क्यांचा रिअ‍ॅक्टर, म्हणजे कॉइल, लावला. त्याचं ट्यूनिंग १८९ हर्ट्झ, त्यामुळे २५० हर्ट्झला ती स्टेप इंडक्टिव्ह राहते आणि रेझोनन्स जुळतच नाही. तिसरा हार्मोनिक जास्त असता तर १४ टक्के, म्हणजे १३४ हर्ट्झ घेतलं असतं.

जुने कपॅसिटर मात्र ठेवू नका. रिअ‍ॅक्टरमुळे ४४० व्होल्टच्या लाइनवर त्यांच्यावर ४४० भागिले ०.९३, म्हणजे सुमारे ४७३ व्होल्ट येतात. आम्ही ५२५ व्होल्टचे बसवले.