‘जर्मन (बेसिक)’ असे न लिहिता आपली भाषेची पातळी कशी मांडावी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी नर्सिंगचे शिक्षण पूर्ण केलेल्या मुलामुलींना मी जर्मन शिकवतो, आणि शिकवण्याइतकाच वेळ त्यांचे जर्मनीतील नोकरीसाठीचे अर्ज तपासण्यात जातो. दहापैकी आठ अर्जांत भाषेच्या रकान्यात ‘जर्मन (बेसिक)’ किंवा ‘इंटरमीजिएट’ एवढेच असते. काहींनी कुणाचा तरी सल्ला ऐकून ‘जर्मन ६० टक्के’ असे लिहिलेले असते, तर काहींनी पाचपैकी तीन तारे रंगवलेले असतात. भाषा शंभर गुणांची नसते, त्यामुळे साठ टक्के म्हणजे कशाचे साठ टक्के, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. अर्ज वाचणाऱ्याला मात्र एवढेच ठरवायचे असते की या व्यक्तीला वॉर्डात उभे केले तर ती कोणते काम भाषेमुळे अडू न देता करील. म्हणून ‘मला अमुक करता येते’ अशा वाक्यांत पातळी लिहावी. ती कशी लिहावी, हे खाली सांगतो.

पायरी १. कागदाचे पाच भाग करा : ऐकणे, वाचणे, संभाषण, सलग बोलणे आणि लिहिणे. ही विभागणी माझी नाही. स्ट्रासबुर्ग येथील युरोप परिषदेने २००१ साली भाषा शिकण्या-शिकवण्यासाठी जी सामायिक चौकट प्रसिद्ध केली, तिच्या स्वमूल्यमापन तक्त्यात हेच पाच स्तंभ आहेत आणि सर्वांत खालच्या ए१पासून सर्वांत वरच्या सी२पर्यंत ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा सहा पातळ्या आहेत.

पायरी २. तो तक्ता वाचून प्रत्येक भागापुढे आपल्याला जवळची वाटणारी पातळी पेन्सिलने लिहा. पाचही ठिकाणी एकच पातळी आली, तर आपण घाईने लिहिले असे समजून पुन्हा वाचा, कारण शिकणाऱ्याच्या पाचही क्षमता सारख्या वाढलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या बी१ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण स्वतंत्रपणे मिळवावे लागतात, ते याच कारणाने.

पायरी ३. आता प्रत्येक भागासाठी दोन-दोन वाक्ये स्वतः लिहा. अडचण येते ती इथे, आणि माझीही इथेच चूक झाली होती. काही वर्षांपूर्वी एका कामासाठी अर्ज करताना मी तक्त्यातले बी१चे वाक्य जसेच्या तसे उतरवले होते : परिचित विषयांवरील संभाषणात पूर्वतयारीशिवाय भाग घेता येतो. दूरध्वनीवर मुलाखत झाली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी पाठ केली होती, ती नीट दिली. तिसरा प्रश्न गावातल्या पावसाविषयी होता. विषय परिचयाचाच होता, पण मला एक वाक्य पूर्ण करता आले नाही. त्या वाक्यातला ‘पूर्वतयारीशिवाय’ हा शब्द मी वाचला होता, पण तोलला नव्हता. ए२ आणि बी१ यांच्यातली संभाषणाची सीमा मोठ्या प्रमाणात त्या एका शब्दावर उभी आहे. ए२चे वर्णन स्वच्छ सांगते की छोटी, नेहमीची देवाणघेवाण जमते, पण संभाषण आपल्या बळावर पुढे चालू ठेवता येईल इतके सहसा समजत नाही. मी तेव्हा नेमका तिथे होतो.

तेव्हापासून माझे ठाम मत आहे की तक्त्यातले वाक्य अर्जात उतरवू नये. त्याचा उपयोग फक्त पातळी ओळखण्यापुरता करावा. आपल्या वाक्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत : काम कोणते, ते कशावर किंवा कोणाशी, आणि कोणत्या अटीवर. लोक पहिली गोष्ट लिहितात, दुसरी अर्धवट लिहितात आणि तिसरी लपवतात. वास्तविक अट ही कमीपणाची कबुली नाही, कारण ती मूळ चौकटीतच आहे. समोरची व्यक्ती हळू आणि स्पष्ट बोलत असेल व मदत करायला तयार असेल तर, ही अट ए१च्या वर्णनात उघड लिहिलेली आहे. अट काढली की वाक्य वरच्या पातळीचे होते, आणि ते आपल्याला पेलत नाही.

क्रियापदाकडेही लक्ष द्यावे. ‘मी बोलू शकते’ या रचनेतून शक्यता आणि परवानगी हे अर्थही निघतात, तर ‘मला बोलता येते’ यातून शिकलेले कौशल्य दिसते, म्हणून मी विद्यार्थ्यांना दुसरी रचना वापरायला लावतो. अर्ज जर्मनमध्ये किंवा इंग्रजीत जाणार असला तरी पहिला मसुदा मराठीत लिहावा, कारण आपल्या भाषेत स्वतःला फसवणे अवघड जाते. ‘समजते’ हे क्रियापद मात्र एकटे कधीही ठेवू नये. तक्त्यात ते आहे, पण समजले की नाही हे बाहेरून दिसत नाही. समजल्यानंतर आपण काय करतो ते लिहावे : लिहून घेता येते, निरोप पुढे देता येतो, सांगितलेल्या खोलीत जाता येते.

दारव्ह्याजवळच्या एका खेड्यातील विद्यार्थिनीचे उदाहरण सांगतो. जी.एन.एम. झालेली, तालुक्याच्या एका दवाखान्यात नोकरी करणारी, आणि सात महिने जर्मन शिकलेली. तिच्या अर्जात ‘बेसिक’ होते. काय काय येते, असे विचारल्यावर ती म्हणाली, “सर, समजते मले सगळं, पण बोलता येत नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर मी आता चर्चा करीत नाही, थेट तपासतो.

मी तिला एका जर्मन परिचारिकेच्या आवाजातला ध्वनिमुद्रित निरोप ऐकवला. २४ क्रमांकाच्या खोलीतील रुग्णाला काल संध्याकाळपासून ताप आहे, ३८.७, आणि पोटात दुखते, एवढाच तो होता. तिने ताप आणि पोट बरोबर लिहिले, पण खोली ४२ लिहिली. जर्मनमध्ये चोवीस हे ‘फीअर-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे चार आणि वीस, असे बोलतात. आधी चार ऐकू आले म्हणून तिने आधी चार लिहिले, कारण ती मनात इंग्रजी आकड्यांच्या क्रमाने चालत होती. मराठीत चोवीस, पंचवीस, त्रेपन्न यांतही एकक आधीच येतो. एकोणतीससारखे आकडे सोडले तर आपला क्रम जर्मनसारखाच आहे. हे सांगून तोच निरोप पुन्हा ऐकवला, तेव्हा तिने २४ लिहिले. पण एवढ्यावर वाक्य लिहायचे नसते. पुढचे दोन दिवस वेगळे निरोप ऐकवले, आणि दोन्ही वेळा दुसऱ्यांदा ऐकल्यावरच तिचे सर्व आकडे बरोबर आले. म्हणून तिचे वाक्य असे झाले : रुग्णाची खोली, तक्रार आणि तापमान सांगणारा छोटा निरोप दोनदा ऐकवल्यास मला अचूक लिहून घेता येतो. यातून ‘सगळं समजते’ किती आक्रसले ते दिसते, पण हे वाक्य वाचून वॉर्डप्रमुखाला तिच्यावर कोणते काम सोपवावे ते कळते.

बोलण्याचे भाग वेगळे का ठेवायचे, तेही तिच्या बाबतीत स्पष्ट झाले. आपले कुटुंब, गाव आणि शिक्षण यांविषयी ती दोन मिनिटे न अडखळता बोलली. मी मध्येच विचारले की गावात पिण्याचे पाणी कुठून येते, आणि ती थांबली. विहीर हा शब्द तिला माहीत होता, नळ हा शब्दही माहीत होता, पण न ठरवलेले वाक्य तिला बांधता येत नव्हते. रुग्णाला ‘कुठे दुखते’, ‘केव्हापासून’ असे ठरावीक प्रश्न मात्र ती विचारीत होती आणि छोटी उत्तरे टिपून घेत होती. म्हणून सलग बोलण्यात आम्ही ‘तयारी केल्यास स्वतःविषयी दोन मिनिटे सलग बोलता येते’ असे लिहिले आणि संभाषणात ‘दुखणे, झोप आणि जेवण यांविषयी ठरावीक प्रश्न विचारता येतात आणि उत्तर हळू दिल्यास नोंदवता येते’ असे. संभाषणापुढे ए२ ठेवले. तिने पेन्सिलने बी१ लिहिले होते, ते तिने स्वतःच खोडले. वाचनात मात्र ती पुढे होती. ड्यूटीचे वेळापत्रक आणि रुग्णांसाठीचे साधे माहितीपत्रक तिने शब्दकोशाशिवाय वाचून त्यातले मुद्दे मराठीत सांगितले, त्यामुळे तिथे बी१ राहिले. लेखनासाठी तिने आजारपणाची रजा मागणारा पाच वाक्यांचा संदेश लिहिला. शब्दकोश लागला होता, म्हणून वाक्यातही ‘शब्दकोश पाहून’ असे आले.

पायरी ४. प्रत्येक वाक्य तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या नमुन्यांवर करून पाहा. वर्गातल्या पुस्तकातले ध्वनिमुद्रण यासाठी वापरू नका, कारण ते आपण आधी ऐकलेले असते आणि आपल्या शिक्षकाच्या आवाजाचीही कानांना सवय झालेली असते. अनोळखी आवाज हवा. अनेक जण त्यासाठी डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या निवडतात आणि एक वाक्यही न उमजल्याने खचतात. बोलणे हळू असले तरी त्या बातम्यांचे शब्द आणि वाक्यरचना वरच्या पातळीच्या असतात, म्हणून ए२ची वाक्ये तपासण्यासाठी त्या घेऊ नयेत. तीनपैकी एखाद्या दिवशी काम फसले, तर वाक्य काढून टाकू नका. कुठली अट वाढवली म्हणजे ते तिन्ही दिवस खरे ठरेल, ते शोधा आणि ती अट वाक्यात घाला. दोन अटी घालूनही फसत असेल, तर मात्र ते वाक्य सोडून द्या.

पायरी ५. अर्जात आधी वाक्य आणि त्यानंतर कंसात पातळी लिहा, खाली महिना व वर्ष टाका. युरोपास हा युरोपीय संघाचा बायोडेटाचा नमुना वापरत असाल तर त्यात पाचही भागांची पातळी वेगवेगळी निवडता येते, ती सोय वापरा. परीक्षेचे प्रमाणपत्र असेल तर त्याचा उल्लेख वेगळ्या ओळीत करा. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवताना शेवटी बहुधा बी२चे प्रमाणपत्र मागतात, आणि या वाक्यांनी ते टळत नाही.

वाक्ये तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासावीत, आणि तेव्हा नवी वाक्ये जोडण्याआधी जुन्यांच्या अटी काढता येतात का ते पाहावे. त्या विद्यार्थिनीने चार महिन्यांनी तीन नवे निरोप ऐकले, तिन्ही पहिल्याच वेळी बरोबर लिहिले, आणि आपल्या अर्जातील ‘दोनदा ऐकवल्यास’ हे शब्द काढून टाकले.