खाडीकाठची वाळू आणि लिक्विफॅक्शन: बोअर रिपोर्टमधल्या या चुका टाळा

वाशी, उलवे, पनवेल खाडी किंवा ठाणे खाडीच्या काठावर बोअर मारला की वर मुरुमाचा भराव, खाली काळी मऊ सागरी चिकणमाती आणि सर्वात खाली कुजलेला मग कठीण बेसाल्ट असा क्रम बहुतेक वेळा मिळतो. या सगळ्यात कुठेकुठे पाण्यात बुडालेल्या सैल वाळूचा पट्टा येतो, तर काही ठिकाणी भरावच ड्रेज केलेल्या वाळूचा असतो. लिक्विफॅक्शनचा प्रश्न या वाळूपुरताच आहे. जमीन हादरली की सैल वाळूचे कण एकमेकांत घट्ट बसू पाहतात. मधल्या पाण्याला तेवढ्या वेळात बाहेर पडायला वाट मिळत नाही, त्यामुळे त्याचा दाब वाढतो. कणांनी पेललेला भार पाण्यावर जातो आणि वाळू काही काळ दाट द्रवासारखी वागते.

वाळू धोक्याची आहे की नाही, हे शेवटी एका गुणोत्तरावर, म्हणजे सुरक्षा गुणकावर, ठरतं: वाळूची ताकद भागिले भूकंपाचा ताण. या गुणोत्तरात चुका शिरतात त्या मात्र गणितातून नाही, साइटवरून.

चूक पहिली: मे महिन्यातली पाण्याची पातळी

बोअरिंग सहसा उन्हाळ्यात उरकतात. रिपोर्टमध्ये पाणी 4 मीटरवर दिसतं आणि तोच आकडा थेट गणितात जातो. पावसाळ्यात, त्यातही उधाणाच्या भरतीला, तेच पाणी 1.5 मीटरवर येऊ शकतं. याने किती फरक पडतो ते आकड्यांनीच पाहू.

समजा 6 मीटर खोलीवर स्वच्छ वाळू आहे आणि एसपीटीची, म्हणजे हातोड्याने सॅम्पलर ठोकून घेतलेल्या चाचणीची, एन व्हॅल्यू, म्हणजे 30 सेंटिमीटर रुतायला लागलेले ठोके, 8 मिळाली. मातीचं वजन पाण्याच्या वर 17 आणि पाण्याखाली 19 किलोन्यूटन प्रति घनमीटर धरू. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या, आयएस 1893 च्या, 2016 च्या आवृत्तीत आपला भाग झोन 3 मध्ये येतो, म्हणजे झोनचा गुणक Z = 0.16. डिझाइनचा भूकंप 6.5 तीव्रतेचा धरू. ताणाचं सूत्र असं:

```
CSR = 0.65 × Z × (σv / σv') × rd
rd  = 1 − 0.00765 × 6 = 0.954
```

इथे CSR म्हणजे भूकंपाचा ताण, rd म्हणजे खोलीनुसार तो कमी करणारा गुणक, σv म्हणजे त्या खोलीवरचा एकूण दाब आणि σv' म्हणजे त्यातून पाण्याचा दाब वजा करून उरलेला. पाणी 4 मीटरवर धरलं तर ते 106 आणि 86 किलोपास्कल येतात आणि CSR 0.12. पाणी 1.5 मीटरवर धरलं तर 111 आणि 67 येतात, CSR 0.165 होतो.

आता ताकद. मे महिन्यात मोजलेल्या 8 ला मे महिन्याच्याच दाबाने दुरुस्त करायचं: √(100/86) = 1.08, म्हणून दुरुस्त एन 8.6. त्यावरून 7.5 तीव्रतेसाठीची ताकद साधारण 0.10 येते. 6.5 साठी ती 1.44 ने गुणायची, म्हणजे 0.146.

पाणी 4 मीटरवर असताना सुरक्षा गुणक 1.2 निघतो आणि रिपोर्टवर ‘सुरक्षित’ असा शेरा पडतो. पाणी 1.5 मीटरवर धरलं की तीच वाळू, तोच एन, आणि गुणक 0.88.

इथे एक बारीक गोष्ट अनेकदा निसटते. एन ची दुरुस्ती चाचणीच्या दिवशीच्या पाण्याने करायची आणि भूकंपाचा ताण काढायचा तो वर्षातल्या सर्वात वरच्या पाण्याने. दोन्हीकडे 1.5 मीटर घातलं तर दुरुस्तीचा गुणक 1.22 होतो आणि वाळूला न मिळवलेली ताकद फुकटात मिळते. म्हणून रिपोर्टमध्ये पाण्याच्या नोंदी दोन हव्यात. त्या दिवशीची पातळी बोअर संपल्यावर 24 तासांनी मोजलेली हवी. डिझाइनची पातळी पावसाळी विहिरी, पिझोमीटर आणि भरतीची नोंद पाहून ठरवलेली हवी.

चूक दुसरी: बोअरमधलं पाणी खाली गेलेलं असताना एसपीटी

बेलर झटक्यात वर ओढला की बोअरमधलं पाणी बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली जातं. बाहेरचं पाणी तळातून आत घुसतं आणि वाळू उकळल्यासारखी वर येते. मग चाचणी होते ती मूळ वाळूची नाही, सैल झालेल्या वाळूची, आणि एन खोटा कमी येतो. ओळखायला सोपं आहे: चाचणीआधी वजन लावलेला टेप सोडून तळ मोजा. 6 मीटर खोदलंय आणि टेप 5.6 वर टेकतोय, तर 40 सेंटिमीटर वाळू आत आली आहे. ती सावकाश साफ करा आणि बोअरमध्ये पाणी किंवा बेंटोनाइटचं द्रावण कायम भूजलाच्या वर ठेवा. केसिंग चाचणीच्या खोलीखाली कधीच नेऊ नका.

उलट दिशेची चूक हातोड्याची. 63.5 किलोचं वजन 75 सेंटिमीटरवरून मोकळं पडायला हवं. दोर ढोलावर दोनपेक्षा जास्त वेढे घेऊन धरला तर वजन अडखळत पडतं, जास्त ठोके लागतात आणि एन खोटा वाढतो. हातोड्याची खरी ऊर्जा 45 टक्के असेल, तर नोंदलेला 8 हा प्रमाणित 60 टक्क्यांच्या हिशेबात फक्त 6 असतो. ही चूक जास्त घातक, कारण ती सुरक्षिततेचा खोटा दिलासा देते. म्हणून हातोड्याचा प्रकार रिपोर्टमध्ये मागून घ्या. भरावातल्या मुरुमाच्या धोंड्यावर सॅम्पलर अडून मिळालेला ‘50 च्या वर’ तर वाळूबद्दल काहीच सांगत नाही.

चूक तिसरी: ‘पाइल आहेत, मग काळजी नाही’

पाइल बेसाल्टमध्ये नीट रुतवलेले असतील तर तळ सुटत नाही, हे खरं. पण ते वाळूतच थांबले तर काय होतं, हे 2001 च्या भूज भूकंपात कांडला बंदरात दिसलं. तिथला 22 मीटर उंच टॉवर 18 मीटर लांबीच्या 32 पाइलवर उभा होता. वरचा चिकणमातीचा थर ओलांडून ते पाइल खालच्या वाळूत संपत होते. टॉवर कलला. पाइल खडकात गेले असले, तरी ज्या वाळूचा गुणक 1 खाली आहे तिचं पाइलच्या अंगावरचं घर्षण आणि आडवा आधार हिशेबात धरू नका. खाडीच्या उताराकडे ती वाळू सरकली, तर पाइलला ढकलणारा भारही तीच देते.

चूक चौथी: चिखलाचा उपाय वाळूला

नवी मुंबईत उभे प्लास्टिक ड्रेन आणि वरून भराव टाकणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण ते चिकणमाती आधीच बसवून घेण्यासाठी असतं, सैल वाळू त्याने दाट होत नाही. वाळूला कंपनाने दाबावं लागतं: व्हायब्रोफ्लॉट खाली नेऊन खडी भरत वर येणारे, साधारण 0.8 ते 1 मीटर व्यासाचे स्टोन कॉलम, 2 ते 3 मीटर अंतराच्या त्रिकोणी मांडणीत. त्याआधी नमुना 75 मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन बारीक भाग मोजा. तो 15–20 टक्क्यांच्या वर गेला की कंपनाने वाळू फारशी दाटत नाही. तिथे भिस्त खडीच्या निचऱ्यावर आणि कडकपणावरच राहते.

काम झाल्यावरच्या चाचणीतही घोळ होतो. कॉलमला चिकटून बोअर मारला तर आकडा छान येणारच. तीन कॉलमच्या मधोमध चाचणी घ्या, कारण सर्वात कमी दाटलेली जागा तीच असते. आणि लगेच नको, कंपनाने वाढलेला पाण्याचा दाब उतरायला साधारण दोन आठवडे द्या. वरच्या उदाहरणात 1.2 चा गुणक हवा असेल तर दुरुस्त एन 13 च्या आसपास लागतो, म्हणजे पाणी 4 मीटरवर असताना प्रत्यक्ष 12 ठोके. 9 किंवा 10 वरच थांबलात, तर अंतर कमी करून कॉलम वाढवण्याआधी त्या खोलीचा बारीक भाग पुन्हा धुऊन पाहा.