गार्च मॉडेल पहिल्यांदा फिट करताना मी कुठे कुठे अडकले

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एका शेअर निर्देशांकाचे पंधरा वर्षांचे रोजचे रिटर्न घेतले होते. सरांनी आधी दोन प्लॉट काढायला लावले, एक रिटर्नच्या ऑटोकोरिलेशनचा आणि दुसरा रिटर्नच्या वर्गाचा. पहिल्यात जवळजवळ काहीच नव्हतं, म्हणजे आज वर गेला म्हणून उद्या वर जाईल असं काही नाही. दुसऱ्यात मात्र पहिल्या लॅगपासून पुढे कितीतरी लॅगपर्यंत काड्या उभ्याच. म्हणजे दिशा कळत नाही पण हलण्याचा जोर कळतो, खळबळीचे दिवस एकामागोमाग येतात आणि शांत दिवसही तसेच. व्होलॅटिलिटी क्लस्टरिंग म्हणतात ते हेच, आणि गार्च फक्त या दुसऱ्या प्लॉटसाठी आहे, बाजार कुठे जाणार हे ते सांगत नाही. (घरच्यांना हे समजावून सांगायचा नाद मी सोडलाय.)

```
σ²[t] = ω + α·ε²[t-1] + β·σ²[t-1]
```

इथे σ² हा त्या दिवसाचा व्हेरिअन्स आणि ε हा त्या दिवसाचा धक्का, म्हणजे सरासरी वजा केलेला रिटर्न. एंगल यांच्या 1982 च्या आर्च मॉडेलमध्ये फक्त मागच्या धक्क्यांचे वर्ग होते, त्यामुळे लॅग खूप घ्यावे लागायचे. बोलरस्लेव यांनी 1986 मध्ये बीटावाली टर्म जोडली. कालच्या व्हेरिअन्समध्ये परवाचा असतो, परवाच्यात तेरवाचा, असं सगळं जुनं कमी कमी वजनाने आपोआप येतं, म्हणून बहुतेक वेळा (1,1), म्हणजे दोन्हींचा एकेकच लॅग, पुरतं.

आता हे आकड्यांत बघा, कारण मला सूत्र पाठ होतं पण कळलं ते हातानं गणित केल्यावर. समजा ω = 0.02, α = 0.08, β = 0.90 आणि रिटर्न टक्क्यांत. दीर्घकालीन व्हेरिअन्स 0.02 / (1 − 0.98) = 1, म्हणजे रोजचं स्टँडर्ड डेव्हिएशन 1 टक्का. बाजार या नेहमीच्या पातळीवर असताना एक दिवस 4 टक्के पडला. उद्याचा व्हेरिअन्स 0.02 + 0.08×16 + 0.90×1 = 2.20, वर्गमूळ साधारण 1.48 टक्के. एका दिवसात अंदाज जवळपास दीडपट! मग तो उतरतो, पण सावकाश. वरचा जो 1.20 चा फुगवटा आहे तो रोज 0.98 ने गुणला जातो आणि निम्मा व्हायला साधारण 34 ट्रेडिंग दिवस लागतात. आता तोच 4 टक्के वर गेला असता तरी उत्तर हेच आलं असतं, कारण वर्ग केला की चिन्ह जातं. खऱ्या निर्देशांकात पडझडीनंतर व्होलॅटिलिटी जास्त वाढते, त्यासाठी जीजेआर नावाचा प्रकार आहे, खालच्या कोडमध्ये `o=1` टाकलं की झालं.

```python
import numpy as np
from arch import arch_model
r = 100 * np.log(close).diff().dropna()
res = arch_model(r, vol="GARCH", p=1, q=1, dist="t").fit()
```

`close` म्हणजे रोजच्या बंद भावांची pandas Series. तो 100 विसरू नका, नाहीतर ओमेगा इतका बारीक होतो की ऑप्टिमायझर अडखळतो.

माझा खरा घोळ याच्या पुढे झाला. मॉडेल तपासायला मी `res.resid` चा वर्ग करून ल्युंग-बॉक्स टेस्ट लावली, ती ऑटोकोरिलेशन उरलंय का ते बघते, आणि पी-व्हॅल्यू शून्य, म्हणजे उरलंय. मला वाटलं मॉडेल फसलं, मग (2,2), (3,3), दोन दिवस हेच, नवे सहगुणक शून्याला चिकटलेले आणि पी-व्हॅल्यू ढिम्म हलत नाही. सरांनी एकच विचारलं, "भागलंस कशाने?" रेसिड्यूअल म्हणजे फक्त सरासरी वजा केलेले रिटर्न, त्यात क्लस्टरिंग तसंच राहणार ना! प्रत्येक दिवसाचं रेसिड्यूअल त्या दिवसाच्या सिग्माने भागायचं आणि मग वर्ग करून टेस्ट लावायची, `res.std_resid` मध्ये ते तयारच मिळतं. तसं केल्यावर पहिलंच (1,1) पास झालं.

नंतर अजून एक गोष्ट खटकली. अल्फा अधिक बीटा 0.998 आलं होतं आणि मी खूश, कारण एकच्या जवळ येतं असं सगळीकडे वाचलेलं. पण त्याच हिशोबाने धक्का निम्मा व्हायला जवळजवळ 346 ट्रेडिंग दिवस लागतात, आणि प्लॉटमध्ये तर खळबळ काही महिन्यांत निवलेली दिसत होती. कारण असं, की मधल्या काळात बाजाराची मूळ पातळीच बदलली होती, आधी काही वर्षं शांत आणि मग काही वर्षं चढी. मॉडेलकडे ओमेगा एकच, त्यामुळे पातळीतला बदल त्याला न विरणारा धक्का वाटतो आणि बेरीज एककडे सरकते. डेटाचे दोन तुकडे करून वेगवेगळं फिट केलं तर दोन्हीकडे बेरीज खाली आली. तेव्हापासून मी बेरीज आली की आधी ln(0.5)/ln(α+β) काढते आणि ते दिवस प्लॉटशी ताडून बघते, मगच टेबलात लिहिते.