टर्म इन्शुरन्सचे प्रीमियम कंपेअर करताना या चुका टाळा (विशेषतः तंबाखू-मिश्रीवाल्यांनी)

माझा मावसभाऊ देवगडचा, वय 36, हापूसची कलमं आहेत आणि सोबत मालाचा टेम्पो चालवतो. दोन लहान मुलं. एक कोटीचा टर्म प्लॅन घ्यायचा म्हणून त्याने मोबाईलवर चार कंपन्यांचे कोट काढून ठेवलेले आणि मला व्हॉट्सॅपवर पाठवून विचारलं, सगळ्यात स्वस्त 11,800 वाला घेऊन टाकू ना? चार आकडे होते 11,800, 12,900, 14,160 आणि 16,500. बघताना वाटतं की सोपं आहे, कमी असेल तो घ्यायचा. पण एकेक स्क्रीनशॉट उघडून बघितला तर चारही कोट चार वेगळ्या गोष्टींचे होते. आमच्याकडे खूप जणांचं नेमकं हेच होतं म्हणून सविस्तर लिहितोय. आकडे आमच्या कोटमधले गोल करून घेतलेत, तुमचे वेगळे येणार.

चूक पहिली: न जुळणारे कोट शेजारी ठेवणं

11,800 वाल्यात कव्हर फक्त वयाच्या 60 पर्यंत होतं, आणि वर पहिल्या वर्षाची सूट धरलेली. 16,500 वाल्यात कव्हर 75 पर्यंत. म्हणजे एकात 24 वर्षं आणि दुसऱ्यात 39 वर्षं, मग प्रीमियम सारखा कसा येईल? साठीनंतरची वर्षंच कंपनीला जास्त जोखमीची, त्यामुळे कव्हर जितकं पुढे ओढाल तितका दर वर्षीचा हप्ता वाढतो.

14,160 वाला तर ऑगस्ट 2025 चा जुना स्क्रीनशॉट. तेव्हा टर्मच्या प्रीमियमवर 18 टक्के जीएसटी लागायचा, 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक लाइफ पॉलिसीवरचा जीएसटी काढून टाकला, म्हणजे त्यातले 2,160 रुपये कर होता आणि खरा प्रीमियम 12,000. पण तो कोट भाऊ 35 चा असतानाचा. मधे वाढदिवस झाला आणि नवीन कोट काढल्यावर 12,600 आला.

वयाचं अजून एक. काही प्लॅन मागचा वाढदिवस धरतात, काही जवळचा वाढदिवस धरतात. जवळचा धरला तर वाढदिवसाच्या सहा महिने आधीच तुम्ही एक वर्षाने मोठे होता. आपल्याकडे शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून लिहिलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला माहितीच आहे, तर कोट काढताना घरी सांगतात ती तारीख टाकू नका, कागदावरची टाका, आणि आधार, पॅन, शाळेचा दाखला यात फरक असेल तर पॉलिसीच्या आधी दुरुस्त करून घ्या. कंपनी वयाचा पुरावा नंतर कधीही मागू शकते.

मग आम्ही चारही ठिकाणी एकच माप लावलं: कव्हर एक कोटी, 65 पर्यंत, हप्ता वर्षाला एकदा आणि शेवटपर्यंत भरायचा, कोणताही रायडर म्हणजे वरचं जोडकव्हर नाही, आणि आकडा दुसऱ्या वर्षापासूनचा. आता आले 13,400, 12,900, 12,600 आणि 13,100. सगळ्यात स्वस्त दिसणारा सगळ्यात महाग निघाला, आणि चौघांतला फरक उरला जेमतेम 800 रुपये.

कव्हरच्या रकमेबद्दल थोडक्यात. 50 लाखाचा प्रीमियम एक कोटीच्या निम्मा नसतो. भावाला 50 लाखाला 8,000 च्या आसपास सांगत होते, म्हणजे लाखामागे 160 रुपये, आणि एक कोटीला लाखामागे 126. मोठ्या कव्हरच्या टप्प्याला दर कमी लागतो, त्यामुळे एकूण हप्ता न बघता लाखामागे किती पडतात ते काढा, आणि 90-95 लाख घेत असाल तर एक कोटीचाही कोट काढून बघाच. पण स्क्रीनवर दोन कोटी टाकले म्हणून मिळत नाहीत, कंपनी उत्पन्नाचा पुरावा बघून ठरवते. भावाच्या टेम्पोच्या धंद्याचे रिटर्न भरलेले होते म्हणून निभावलं. नुसत्या बागेवर असणाऱ्यांचं इथे अडतं, कारण शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून रिटर्नच भरलेलं नसतं, आणि वाशीच्या दलालाची पट्टी चालेल की नाही ते प्रत्येक कंपनीला आधीच विचारावं लागतं.

चूक दुसरी, आणि सगळ्यात महागात पडणारी: "मी कुठे सिगरेट ओढतो" म्हणून नॉन-स्मोकर टिक करणं

चारही कोट त्याने नॉन-स्मोकर म्हणून काढलेले. मी विचारलं, तू तर तंबाखू मळतोस रे दिवसभर? तर म्हणतो, "मी खंय सिगरेट ओढतंय?" हा गैरसमज किनारपट्टीवर घरोघरी आहे. ऑनलाइन कोटच्या पानावर स्मोकर असा एकच शब्द असतो पण प्रपोजल फॉर्ममधला प्रश्न कोणत्याही स्वरूपातल्या तंबाखूचा असतो, म्हणजे विडी, सिगरेट, मळलेली तंबाखू, गुटखा, तंबाखूचं पान सगळं आलं. आणि मिश्रीसुद्धा. मावशी ऐकत होती ती म्हणाली, "मिश्री तंबाखू खंय, ती दात घासूक लावतंय." पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हिरडीतून निकोटिन रक्तात जातंच, त्यामुळे घरातल्या बाईच्या नावाने पॉलिसी काढताना हा प्रश्न तिला नीट विचारा, नवऱ्याने परस्पर "नाही" लिहू नये.

मेडिकलमध्ये लघवी किंवा रक्तातलं कोटिनिन तपासतात, निकोटिन शरीरात गेल्यावर त्याचं जे होतं ते हे. ते काही दिवसच राहतं, म्हणून लोक सांगतात की आठवडाभर बंद ठेव आणि टेस्ट दे. हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, कारण प्रश्न आजचा नसतो, बहुतेक फॉर्ममध्ये मागच्या 12 महिन्यांचा असतो, काहींत त्याहून जास्त. आणि टेस्ट क्लीन आली तरी खोटं पकडलं जातं ते नंतर. माणूस गेल्यावर कंपनी हॉस्पिटलचे केस पेपर मागवते. ॲडमिट करताना डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, काही व्यसन? घरचे घाबरलेले असतात, खरं तेच सांगतात, आणि केस पेपरवर लिहिलं जातं की दहा वर्षं तंबाखू खातो. तो एक कागद आणि तुमचा फॉर्म समोरासमोर ठेवला की झालं.

कायदा इथे काय म्हणतो ते समजून घ्या. इन्शुरन्स ॲक्ट 1938 चं कलम 45: पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनी कोणत्याही कारणाने तिच्यावर शंका घेऊ शकत नाही. तीन वर्षांच्या आत फसवणूक किंवा महत्त्वाची गोष्ट लपवली म्हणून घेऊ शकते. काही एजंट यावरून सांगतात की तीन वर्षं काढ, मग काळजी नाही. पण ही तीन वर्षं पॉलिसी बंद पडून पुन्हा चालू केली तर त्या दिवसापासून परत मोजायला लागतात. आपल्याकडे हे सहज होतं. मच्छीमारी 1 जून ते 31 जुलै बंद, आंब्याचा पैसा मेपर्यंत येऊन संपतो, आणि ज्यांनी महिन्याचा हप्ता लावलाय त्यांचा खात्यात पैसे नसल्याने पावसाळ्यात चुकतो. महिन्याच्या हप्त्याला सवलत फक्त 15 दिवसांची असते, वर्षाच्या हप्त्याला 30. म्हणून पैसा हातात असतो त्या महिन्यात वर्षाचा एकच हप्ता लावा, भावाने मे धरला.

तंबाखू "हो" करून पुन्हा कोट काढले तर 12,600 चे 19,900 झाले, 12,900 चे 20,300. वर्षाला 7,300 जास्त, भाऊ हादरलाच. पण हिशोब करून बघा, तीन वर्षांत वाचणार 21,900 रुपये आणि त्यासाठी बायकोमुलांचे एक कोटी टांगणीला. शिवाय चार कंपन्यांतला फरक शेकड्यात आहे आणि या एका उत्तराचा फरक हजारांत, मग कंपन्यांच्या 300 रुपयांसाठी रात्र जागवून उपयोग काय?

चूक तिसरी: क्लेम सेटलमेंटची टक्केवारी वरवर बघणं

जाहिरातीत येतं 98, 99 टक्के. ही बहुतेक वेळा क्लेमच्या संख्येची टक्केवारी असते, आणि त्यात छोट्या बचत पॉलिसीचे क्लेमही धरलेले असतात, नुसत्या टर्मचे नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात रकमेचेही आकडे असतात, तेही बघा. समजा एका कंपनीकडे 1,000 क्लेम आले आणि 985 दिले, झाले 98.5 टक्के. पण क्लेमची एकूण रक्कम होती 100 कोटी आणि दिले 93 कोटी. आता राहिलेले 15 क्लेम म्हणजे 7 कोटी, सरासरी एकेक 46-47 लाखाचा. दिलेल्यांची सरासरी मात्र साडेनऊ लाखाच्या आत. म्हणजे अडकले ते मोठे क्लेम, आणि तुम्ही घेताय तो एक कोटीचा. दोन टक्केवारींत असं मोठं अंतर दिसलं की थांबून विचार करायचा.

अर्थात राहिलेले सगळे नाकारलेलेच असतात असं नाही, काही वर्षअखेरीला चौकशीत असतात, आणि मोठ्या कव्हरचे सुरुवातीच्या वर्षांतले क्लेम जास्त तपासले जातातच. म्हणून एक वर्ष बघून ठरवू नका, तीन वर्षांचे आकडे ओळीने ठेवा. वैयक्तिक पॉलिसीचेच घ्या, ग्रुपचे वेगळे असतात. 98.4 आणि 98.9 मध्ये निवडत बसू नका, त्यात काही नाही. आम्ही 19,900 वाली सोडून 20,300 वाली घेतली ती यामुळेच, तिच्या दोन्ही टक्केवारी तिन्ही वर्षं जवळजवळ होत्या.

आणि शेवटी कागद उघडा

पॉलिसी आली तेव्हा आत प्रपोजल फॉर्मची प्रत होती. भावाने एजंटला तोंडी सगळं खरं सांगितलेलं, तरी फॉर्मवर तंबाखूच्या पुढे "नाही" आणि प्रीमियम 12,900. सही खाली भावाचीच. एजंटला वाटलं गिऱ्हाईकाचे पैसे वाचवले. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक असतो, त्यात नापसंत असेल तर परत करता येते आणि चूक असेल तर कळवता येते. आम्ही एजंटला न सांगता थेट कंपनीला मेल केला की रोज तंबाखू खातो, साधारण किती आणि किती वर्षं, फॉर्ममध्ये चुकीचं गेलंय, दुरुस्त करा. त्यांनी परत मेडिकल लावलं, फरकाचे 7,400 भरून घेतले आणि "हो" लिहिलेली नवीन प्रत पाठवली. तिची झेरॉक्स आता वहिनीकडे आहे, मेलच्या प्रिंटसकट.