लॉग भरलाय, पण बाइट सापडत नाही? माहितीपटाचं फुटेज लॉग करताना या चुका टाळा

समजा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांवर माहितीपट चालू आहे. हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फडाजवळ, कोपीच्या दारात बसून एका बाईंची मुलाखत झाली. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगाम संपला तरी फिटली नाही, हे त्या सांगतात. शूटिंगनंतर सहाय्यकाने मुलाखत ऐकून सगळी उतरवून काढली आणि या वाक्यासमोर लिहिलं: ४१:२०. दोन महिन्यांनी एडिटर हे वाक्य शोधायला बसतो. फाइल उघडतो, तर तिथला टाइमकोड चार वाजून पाच मिनिटांनी सुरू होतो. मग ४१:२० म्हणजे नेमकं कुठे? इथून शोधाशोध सुरू होते, आणि ज्या कामासाठी लॉग केला ते कामच होत नाही.

प्लेयरचा आकडा म्हणजे टाइमकोड नव्हे

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही. उतरवून काढण्यासाठी क्लिपचा आवाज वेगळा काढून एमपी३ करून दिला जातो, फाइल हलकी होते, व्हॉट्सॲपवरही जाते. पण त्या एमपी३मध्ये कॅमेऱ्याचा टाइमकोड राहत नाही. प्लेयर शून्यापासून मोजतो, तर कॅमेरा फ्री रनवर असेल तर क्लिपवर बहुधा दिवसाची वेळ असते.

वरच्या मुलाखतीचाच हिशेब करू. क्लिप 16:05:12 ला सुरू झाली. त्यात प्लेयरची 41:20 मिळवली की 16:46:32 येतं. एडिटर तिथे जातो, तर तिथे चक्क भलतंच बोलणं चालू आहे, हवं ते वाक्यच नाही. कारण मुलाखत सलग झालेली नव्हती. 16:31:40 ला उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून कॅमेरा बंद केला आणि 16:38:05 ला पुन्हा सुरू केला. आवाज काढणाऱ्याने दोन्ही क्लिप जोडून एकच एमपी३ केली होती. पहिली क्लिप 26:28 लांबीची. म्हणजे 41:20 मधून 26:28 वजा केले की दुसऱ्या क्लिपमधली 14:52 उरतात, आणि 16:38:05 मध्ये ती मिळवली की खरा पत्ता मिळतो: 16:52:57. आधीचं उत्तर सहा मिनिटं पंचवीस सेकंदांनी चुकलं होतं, बरोबर ट्रॅक्टर जाईपर्यंत थांबले होते तेवढ्यानेच.

असा हिशेब प्रत्येक ओळीला करत बसण्यात अर्थ नाही. उतरवणाऱ्या माणसाला चित्रावरच टाइमकोड छापलेली हलकी प्रॉक्सी द्या. दाविंची रिझॉल्व्हमध्ये Workspace मेनूत Data Burn-In आहे. त्यात Source Timecode आणि Source Clip Name या दोन्ही खुणा चालू करा. इथे Record Timecode निवडलात तर टाइमलाइनचा आकडा छापला जातो, क्लिपचा नव्हे, आणि पुन्हा तोच घोळ होतो. Deliver पानावर Individual clips निवडा, म्हणजे प्रत्येक क्लिपची स्वतंत्र प्रॉक्सी निघेल आणि काहीही जोडलं जाणार नाही. लिहिणाऱ्याला एकच सूचना पुरते: प्लेयरच्या पट्टीकडे बघू नका, चित्रावरचा आकडा उतरवा.

चूक कोणत्या जातीची आहे, ते आधी ओळखा

लॉग आधीच झालेला असेल आणि आकडे जुळत नसतील, तर सगळं नव्याने करण्याआधी तीन ठिकाणी तपासा: क्लिपच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी. लॉगमधला आकडा आणि प्रत्यक्षातला टाइमकोड यांतला फरक लिहून काढा.

तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर सुरुवातीचा आकडा चुकलाय. तेवढीच रक्कम सगळ्या ओळींत मिळवा, काम झालं.

फरक मध्येच एकदम वाढत असेल तर कुठेतरी क्लिप जोडल्या आहेत आणि मधला थांबा मोजलेला नाही. वरच्या ट्रॅक्टरसारखं. जिथे उडी पडते तिथपासून पुढच्या ओळी दुरुस्त करायच्या. क्वचित प्लेयरही फसवतो: बदलत्या बिटरेटच्या एमपी३मध्ये पुढे-मागे उड्या मारल्या की काही प्लेयर वेळ चुकीची दाखवतात. फक्त आवाजावरच काम करायचं असेल तर वेव्ह फाइल द्या.

फरक हळूहळू वाढत जात असेल तर दोष फ्रेम रेटचा असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून बहुतेक काम २५ फ्रेमवर होतं आणि तिथे टाइमकोड घड्याळाबरोबर चालतो. पण दुसरा कॅमेरा किंवा ड्रोन २३.९७६ वर राहून गेला असेल, तर त्याचा टाइमकोड खऱ्या घड्याळापेक्षा तासाला सुमारे ३.६ सेकंद मागे पडतो. २९.९७ नॉन-ड्रॉपचंही तेच. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये हे जाणवत नाही. दीड तासाच्या मुलाखतीत शेवटची वाक्यं पाच सेकंदांहून जास्त सरकलेली असतात. इथे एकच रक्कम मिळवून भागत नाही, टाइमकोड छापलेली प्रॉक्सी काढून आकडे पुन्हा घ्यावे लागतात.

नुसता टाइमकोड पुरत नाही

बरेच मिररलेस कॅमेरे प्रत्येक कार्डावर C0001 पासून नावं देतात, आणि टाइमकोडची सेटिंग्ज कोणी पाहिली नसतील तर एकाच टाइमकोडच्या दोन क्लिपही सापडतात. म्हणून पत्त्यात कॅमेरा आणि कार्ड हवंच: A03 / C0013 / 16:52:57. कार्डाचं हे नाव कॉपी करतानाच फोल्डरला द्या. एडिटिंगमध्ये जोडलेल्या क्लिपची नावं नंतर बदलायला गेलात तर एडिटरच्या प्रोजेक्टमध्ये सगळं लाल होतं.

आणि लॉग एक्सेलमध्ये भरत असाल तर आधी टाइमकोडचा रकाना Text करून घ्या. 41:20 लिहिलं की एक्सेल त्याला एकेचाळीस तास वीस मिनिटं समजतं. आकडे इंग्रजीच ठेवा. देवनागरी आकड्यांतला टाइमकोड एडिटरला कॉपी करून थेट सॉफ्टवेअरमध्ये टाकता येत नाही.

“छान बाइट” लिहिण्यात काही हशील नाही

लॉगमध्ये “मस्त”, “इमोशनल”, “वापरू शकतो” असे शेरे रांगेने दिसतात. एडिटरला यातून काहीच कळत नाही. त्याला कळायला हवं की बोलणं काय आहे, ते प्रश्नाशिवाय उभं राहतं का, आणि त्यात आवाजाचा किंवा चित्राचा काय दोष आहे. आमची मुलाखत नीट लॉग केली तर ओळ अशी दिसते:

```
A03 / C0013    16:52:55 – 16:53:34
"आमची उचल काय फिटली न्हाई. पुढल्या सालाला बी
यावंच लागतंय, त्याच मुकादमाकडं."
विषय: उचल, मुकादम, कर्ज
प्रश्नाशिवाय चालतं. शेवट खाली उतरतो, कापता येतो.
16:53:12 ला मागे कोंबडा; वाक्याच्या मधल्या थांब्यात.
16:53:28 पासून गप्प, हातातला कोयता बाजूला ठेवतात.
```

सुरुवात बोलण्याच्या दोन सेकंद आधीपासून धरली आहे, कारण श्वास घेतलेला क्षण एडिटरला लागतो. फ्रेम लिहिलेल्या नाहीत. नेमकी फ्रेम एडिटरच ठरवतो, लॉगला सेकंद पुरतात. गप्प बसण्याची नोंद मात्र सोडायची नाही. शब्द नाहीत म्हणून उतरवणारा पुढे जातो, आणि त्या सहा सेकंदांचं मोल लॉगमधून पार नाहीसं होतं.

मराठीत OUT कुठे टाकायचा याला जास्त जपावं लागतं. आपलं क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात. “आमची उचल फिटली...” इथे बाई क्षणभर थांबल्या आणि लिहिणाऱ्याने OUT टाकला, तर “न्हाई” बाहेर राहिलं आणि अर्थ उलटा झाला. एडिटर घाईत असेल, मराठी त्याची भाषा नसेल, तर ते तसंच पडद्यावर जाऊ शकतं. हा त्या बाईंवर अन्याय आहे. वाक्य पूर्ण होऊन आवाज खाली उतरला, की मगच OUT. “...आन् मंग” असं लटकत राहिलं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

बोली पुसू नका, पण शोधाची सोय करा

“उचल फिटली नाही” असं प्रमाण मराठीत उतरवलं तर वाचायला बरं वाटतं. पण एडिटर लॉग वाचत वाचत वाक्य ऐकतो. कागदावर एक आणि कानावर दुसरं आलं की शब्द नेमका कुठे सुरू होतो ते हुडकत बसावं लागतं. शिवाय कागदावर वाक्यं जोडून मुलाखतीचा आराखडा केला जातो, आणि साफसूफ केलेल्या मजकुरात दोन तुकडे जुळताना दिसतात ते आवाजात जुळतातच असं नाही. “न्हाई” म्हटलं असेल तर “न्हाई” लिहा, अडखळली असेल तर तेही ठेवा. शब्द कळलाच नाही तर अंदाजाने भरू नका. [अस्पष्ट 16:54:10] लिहा आणि त्या भागातल्या माणसाला ऐकवा.

आता यातली खरी गोम शोधताना कळते. लॉगमध्ये “ऊस” शोधला तर “उसाला”, “उसात” सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. “पाणी” शोधलं तर “पाण्यासाठी” निसटतं, “विहीर” शोधली तर “विहिरीवर” निसटतं. त्यात बोलीतली रूपं वेगळीच. पन्नास ठिकाणी पाण्याचा विषय असेल आणि शोधात बारा दिसत असतील, तर एडिटर समजतो की एवढंच आहे. म्हणून विषयाचा वेगळा रकाना ठेवायचा आणि त्यात शब्द कायम मूळ रूपात, एकाच लेखनात लिहायचे: ऊस, पाणी, विहीर, उचल. पहिल्या दिवशीच वीस-पंचवीस शब्दांची यादी करून लॉग करणाऱ्या सगळ्यांना द्या. कोणी “उचल” लिहितो, कोणी “ॲडव्हान्स”, कोणी “आगाऊ पैसे”, असं झालं की एकच विषय तीन ठिकाणी विखुरतो.

लॉग एडिटरकडे देण्याआधी कुठल्याही पाच ओळी निवडा, एक तरी शेवटच्या क्लिपमधली असू द्या. ज्याने लॉग केलेला नाही अशा माणसाला फक्त लॉग आणि फुटेज देऊन ती वाक्यं शोधायला सांगा. आकडा टाकला की दोन सेकंदांत वाक्य कानावर पडलं पाहिजे. पाचपैकी एकही चुकली, तर वरची तीन ठिकाणची तपासणी त्या क्लिपवर करा आणि दोष सापडल्यावर त्या कार्डावरच्या बाकीच्या क्लिपही बघा. फ्रेम रेटची किंवा जोडलेल्या आवाजाची चूक सहसा एका क्लिपपुरती नसते.